बोटावरचे नव्व्याण्णव

जयपूरच्या रेल्वे इस्पितळात ते यंत्र आलं तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तिथे भूल देणारी डॉक्टर होते. मूळची सोलापूरची, नवऱ्याच्या बदलीमागे आलेली, आणि थंडीला शिव्या घालण्यात पहिला नंबर. यंत्र म्हणजे रेडिओएवढं खोकं. त्यातून निघालेल्या वायरच्या टोकाला कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा चिमटा. तो बोटाला लावला की खोक्यावर लाल आकडा उमटायचा.

पहिले काही दिवस तर नुसती जत्रा होती. शिपायापासून सर्जनपर्यंत जो तो येऊन बोट घालून बघायचा. सर्जनसाहेबांचे सत्त्याण्णव आले आणि त्यांच्या कंपाउंडरचे अठ्ठ्याण्णव, तर साहेब दिवसभर घुश्शात. मी म्हटलं, अहो, ही काय शाळेची परीक्षा आहे?

पण त्या चिमट्याचं मला खरंच अप्रूप होतं. तोवर आम्ही भूल दिलेल्या माणसाची नखं, ओठ, कानाच्या पाळ्या निरखत बसायचो. निळसर झाली की समजायचं, प्राणवायू कमी पडतोय. आणि डोळ्यांना निळं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. हे यंत्र आधी सांगायचं. म्हणजे ते कामाचं होतंच. फक्त ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायची कोणाला गरज वाटत नव्हती.

आमच्या फिजिशियनसाहेबांना मी एकदा चहा पिताना समजावलं होतं. ते जयपूरचेच, वयाने मोठे, स्वभावाने देवमाणूस. मी म्हटलं, साहेब, रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे गाडीचे डबे समजा. प्राणवायू म्हणजे प्रवासी. चिमटा बोटातून दोन तऱ्हेचे उजेड सोडतो, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा, आणि रक्ताच्या रंगावरून ठरवतो की शंभरातल्या किती जागा भरल्या. गाडीला डबे किती ते त्याला माहीत नाही. चार डब्यांची गाडी असली तरी ती भरली की तो खुशाल शंभर म्हणेल, आणि बाई पंडुरोगाने पांढरीफटक पडलेली असेल. बोट गार पडलं, नाडी लागेना, नखाला रंग असला, की वाटेल ते बरळतो. ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, आप भी ना, हर चीज़ में रेलगाड़ी ले आती हैं." पुढचं सांगायच्या आत मला थिएटरमधून बोलावणं आलं.

त्या हिवाळ्यात थंडी मोठी कडाक्याची होती. एके सकाळी लोकोशेडमधला एक फिटर आपल्या बायकोला घेऊन आला. पोरगी विशीतली, नुकती बाळंत झालेली, बाळाचं बारसंही व्हायचं होतं. पहाटे डोकं ठणकतंय म्हणाली, उलट्या झाल्या, आणि मग हाक मारली तरी डोळे उघडेना. मी तेव्हा थिएटरमध्ये होते, मोठं ऑपरेशन चाललं होतं. फिजिशियनसाहेबांनी तिला तपासलं. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ होते, तसं काही असावं असं त्यांना वाटलं. वाटण्यासारखंच होतं, त्या भागात तशा बाया आम्ही पुष्कळ पाहायचो. त्यांनी सलाइन लावलं, प्राणवायूचा मास्क लावला, आणि थिएटरच्या दुसऱ्या खोलीतला आमचा चिमटा मागवून तिच्या बोटाला लावला.

नव्व्याण्णव.

वॉर्डात सिलिंडर मोजकेच. पलीकडच्या खाटेवर दम्याने तडफडणारे एक म्हातारे गार्ड होते. साहेबांनी आकडा पाहिला, तिचा मास्क काढला आणि सिलिंडर म्हाताऱ्याकडे सरकवला. त्यांच्या जागी कोणीही हेच केलं असतं. हाताच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात ना, आकडा तर समोर लखलखत होता.

दुपारी मी यंत्र परत न्यायला वॉर्डात गेले. पोरगी शांत पडली होती, श्वास चालू, ओठ छान गुलाबी. साहेब म्हणाले, "ऑक्सीजन तो बढ़िया है, निन्यानवे. दिमाग़ का ही कुछ है." मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते सांगता येईना. बाहेर बाकावर तिची आई बाळ मांडीवर घेऊन बसली होती. अकोल्याकडची बाई, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली. पोरगी माहेरी जाणार होती, पण शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून माहेरच इथे आलं होतं. तिला हिंदी धड येत नव्हतं, म्हणून सकाळपासून तिच्याशी कोणी बोललंच नव्हतं. मी मराठीत विचारलं तशी तिचे डोळेच भरून आले. कपाळावर तिने फडकं घट्ट बांधलं होतं.

"तुमचंही डोकं दुखतंय का हो?"

"दुखते ना बाई. रातच्यानच दुखून राह्यलं. आतबाहेर करत होती ना मी."

"आत म्हणजे कुठे?"

मग तिने सगळं सांगितलं, आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं. लेकीला वारा लागू नये म्हणून तिने जावयाला झरोक्यावर कागद चिकटवायला लावला होता. दाराच्या फटीत गोधडीच्या चिंध्या कोंबल्या होत्या. बाजेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी. गावी ती गोवऱ्यांचा विस्तव घालायची, इथे जावयाने इंजिनाचा कोळसा आणून दिला. चांगला फुलवून आत नेला, तर धूर म्हणून नाही. "लई गुणाचा कोळसा," ती म्हणाली. बाळ रात्री रडायला लागलं म्हणून ती त्याला घेऊन स्वयंपाकघरात येऊन निजली, तिथलं मागचं दार फटीएवढं उघडं होतं. लेक मात्र उबेत राहिली.

तेव्हा मला उलगडलं. गावच्या घराला कुडाच्या भिंती, वर कौलं. शेगडीतलं जे काही असेल ते फटीफटींतून निघून जातं. पिढ्यान्पिढ्या बाळंतिणी अशाच शेकल्या गेल्या आणि धडधाकट उठल्या. ही रेल्वेची पक्की क्वार्टर, वर स्लॅब, आणि एकूण एक फट बुजवलेली. कोंडलेल्या निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू, त्याला ना रंग ना वास. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि त्याची जागा बळकावतो. आणि रक्त तसंच तांबडं ठेवतो. चिमट्याच्या दोन उजेडांना हा कोण आणि तो कोण, फरक कळत नाही. गाडी भरलेली दिसते, आत बसलेत सगळे भलतेच. चहाच्या वेळी माझं सांगायचं राहिलं होतं ते एवढंच.

मी आत धावले. साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवला नाही. पण त्यांनी स्वतः सिलिंडर ओढत आणला. थिएटरमधला घट्ट बसणारा मास्क आणि फुगा आणून आम्ही निव्वळ प्राणवायू सुरू केला. साध्या हवेत तो वायू निम्मा सुटायलाच चार-पाच तास लागतात, निव्वळ प्राणवायूवर ते तास-सव्वा तासावर येतं. सकाळपासून ती साध्या हवेवर पडून होती. यंत्रावरचा आकडा आधी नव्व्याण्णव होता, नंतरही जवळपास तोच. मी रागाने चिमटा काढून ठेवला. जळ्ळा मेला तो आकडा.

दिवे लागायच्या सुमाराला पोरीने डोळे उघडले. पाणी मागितलं, बाळ मागितलं. तिची आई माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, की शेगडी पुन्हा पेटवायची नाही, बाळ त्याच घरात निजणार आहे. का ते विचारलं तिने. सांगावंच लागलं. ती ऐकत राहिली. मग कपाळाचं फडकं सोडून हातात चुरगाळत बसली.

थोड्या दिवसांनी पोरगी चालत घरी गेली. जाताना वॉर्डात सगळ्यांना डिंकाचे लाडू वाटले. साहेबांनी दोन खाल्ले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. वाटलं, सुटलो बाई आपण.

थंडी ओसरत आली होती तेव्हा फिटर तिला पुन्हा घेऊन आला. म्हणाला, काही दिवसांपासून ही बदललीय. चालताना पाय फरफटवते. दूध चुलीवर ठेवून उभी राहते, ते उतू जातं तरी हलत नाही. कपडे खराब झाले तरी तिला कळत नाही. बाळ रडतं, ही भिंतीकडे बघते. मी नाव विचारलं तर बऱ्याच वेळाने सांगितलं. गावाचं नाव आठवलं नाही.

असं होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या वायूतून माणूस बरा होतो, हसतो, बोलतो, आणि काही आठवड्यांनी मेंदू हळूहळू मिटायला लागतो. काही जण सुधारतात, काही नाही. साहेबांनी चिमटा मागवला आणि तिच्या बोटाला लावला. का लावला, त्यांनाही सांगता आलं नसतं. नव्व्याण्णव आले. या खेपेला ते अगदी खरे होते. रक्तात प्राणवायू भरपूर होता, आणि तिला त्याचा काही उपयोग उरला नव्हता. साहेब व्हरांड्यात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मला फार रडू आलं. कोणावर रागवावं तेच कळेना. कोळशावर? यंत्रावर? चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने केलेल्या गोष्टींवर कसं रागवायचं?

तिच्या आईने बाळ तिच्या मांडीवर ठेवून पाहिलं. बाळ आता चांगलं बाळसं धरलेलं, हातपाय झाडणारं. पोरीचे हात बाजूला तसेच पडून राहिले. बाळ घरंगळायला लागलं तशी म्हातारी तिच्या मागे जाऊन बसली, लेकीच्या दोन्ही काखांखालून आपले हात पुढे काढले आणि बाळाला धरलं. दुरून पाहिलं असतं तर आईनेच बाळ धरलंय असं वाटलं असतं. तशीच बसून ती मला म्हणाली,

"डॉक्टरीनबाई, म्या तिले थंडी लागू देल्ली नाई हो."

मी तिच्याजवळ खाटेवर बसले. बाळ भुकेलं होतं, त्याने पोरीचा पदर ओढायला सुरुवात केली.