पदाच्या रकान्यात मी लिहिलेलं

भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मी पर्सोनेलचं काम बघायचो. निवृत्तीचं वय उलटल्यावरही शेठनं मला वर्षावर्षाच्या करारावर ठेवून घेतलं होतं. माझ्याइतका बिनतक्रार माणूस त्याला स्वस्तात दुसरा मिळणार नव्हता, हे आज कळतं. तेव्हा मी त्याला विश्वास समजत होतो.

नोकरी सोडून गेलेल्या माणसांची चौकशी करायला पडताळणी एजन्सीचे मेल येत. सोबत उमेदवाराचं संमतिपत्र आणि एक तक्ता. एका रकान्यात उमेदवारानं सांगितलेली माहिती, शेजारच्यात आम्ही भरायची. आमचा नियम असा की रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि पद, एवढंच कळवायचं. वागणूक कशी, परत घ्याल का, या प्रश्नांपुढे ‘धोरणानुसार उत्तर देत नाही’. हा नियम मीच लावून घेतला होता आणि त्याचा मला अभिमान होता. कुणाचं भलंही नाही, बुरंही नाही. हात स्वच्छ.

एके दिवशी आलेला मेल खुर्सीपार वस्तीतल्या एका मुलाबद्दल होता. मुलगा म्हणतो, पण आता त्यालाच दोन मुलं आहेत. वडील यवतमाळकडून आलेले, रेल्वेत गँगमन होते. हा आमच्याकडे हेल्पर म्हणून लागला, वेल्डिंग शिकला, मग स्वतःच्या पैशांनी वेल्डची तपासणी करायची परीक्षा दिली. गिऱ्हाइकाला माल पाठवताना प्रत्येक जोडाच्या तपासणी अहवालावर पात्र इन्स्पेक्टरची सही लागायची. ती सही हा करायचा. सहीखाली छापलेलं असायचं ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’. आणि आमच्या पगारपत्रकात तो शेवटपर्यंत हेल्पर.

हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तो दर दिवाळीला विचारायचा, “काका, माह्या लेटरचं काय झालं?” मी म्हणायचो, “शेठशी बोलतो.” बोललो एकदाच. शेठ म्हणाला, “काम तो कर रहा है ना? नाम में क्या रखा है?” त्यावर मी हसलो होतो. तो सोडून गेला तेव्हा कार्यमुक्तीच्या पत्रात मी फक्त तारखा लिहिल्या. हेल्पर लिहायची लाज वाटली, इन्स्पेक्टर लिहायची भीती. म्हणून पदच गाळलं.

पुण्याच्या कंपनीला त्यानं सांगितलं होतं, क्वालिटी इन्स्पेक्टर. मी शेजारच्या रकान्यात लिहिलं, हेल्पर. तारखा जुळत होत्या, त्यांच्यापुढे ‘पुष्टी’ लिहिलं. पाठवलं आणि डबा उघडला. रेकॉर्डप्रमाणे खरं लिहिलंय, असं मनाशी म्हणालो. भाजी कसली होती तेही आठवतं, पण ते लिहिण्यात अर्थ नाही.

दोन दिवसांनी तो हुडको कॉलनीतल्या माझ्या घरी आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

“काका, तुमी मले हेल्पर लिहलं?”

“आत तर ये.”

“आत येऊन काय करू? चहा पिऊ? एजन्सीनं लाल शेरा मारला माह्या नावावर. पुण्याचे एचआरवाले म्हणून राहिले का मी खोटं पद सांगितलं. उद्यापर्यंत पुरावा द्या, नाही तर ऑफर कॅन्सल. इथली नोकरी सोडून बसलो न मी!”

“रेकॉर्डमध्ये जे आहे ते…”

“रेकॉर्ड कोणाच्या हातात होतं? माह्या?” त्याचा आवाज चढला. शेजारचा माणूस गॅलरीत आला. “तुमच्याच टेबलवर सह्या करत होतो ना मी? तुमीच शिक्का मारत होते ना? तवा मी इन्स्पेक्टर होतो, आन् आता हेल्पर? कावून?”

माझी बायको मागून म्हणाली, “सांगा ना. विचारून राहिला तो.”

मी पुन्हा ‘आत ये’ एवढंच म्हणालो. तो गेला. जाताना म्हणाला, “तुमी काई वाईट नाही लिहलं काका. त्याच्याचसाठी तर राग येऊन राहिला. शिवी दिली असती, तर भांडलो असतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, सुधारित उत्तर पाठवतो. नियुक्तीच्या वेळी हेल्पर, नंतर अमुक तारखेपासून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काम, सोबत अहवालांच्या प्रती.

“पागल हो गए हो क्या?” शेठ म्हणाला. “आपने लिख के दे दिया, तो कल वो पगार का पुराना डिफरन्स माँगेगा. बाकी लड़के भी लाइन में खड़े हो जाएँगे.”

“तो रिपोर्ट पे इन्स्पेक्टर किसको दिखाया था हमने? भूत को?”

शेठनं केबिनचं दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाला, “पंडितजी मत बनो. हेल्पर वाले काग़ज़ पे साइन किसका है? आपका.”

खरं होतं. सही माझीच होती, प्रत्येक पगारपत्रकावर. शेठवर जेवढा चिडलो होतो, त्याच्या दुप्पट स्वतःवर चिडलो आणि तसाच टेबलाशी जाऊन बसलो. फायलीतून अहवाल काढले, पहिला आणि शेवटचा. स्कॅन केले. एजन्सीच्या मेलमध्ये लिहिलं की आधीच्या उत्तरात पद अपुरं कळवलं गेलं, चूक आमच्या कार्यालयाची आहे, उमेदवाराची नाही. विशेषण एकही घातलं नाही. शेठलाही त्या मेलची प्रत पाठवली, चोरून करायचं नव्हतं.

दुपारी एजन्सीतून एका मुलीचा फोन आला. अहवालांवरची सही तिनं जुळवून घेतली, माझं पद विचारलं, मग म्हणाली, “सर, ऑफ द रेकॉर्ड, बंदा कैसा था? आपने इतनी मेहनत की है, अच्छा ही होगा?”

सगळं ओठांवर आलं होतं. एकदा कच्चा जोड पास करायला यानं नकार दिला होता आणि शेठनं सगळ्यांसमोर त्याची जात काढून शिवी दिली होती, आणि मी तिथे उभा होतो. पण मी चांगलं बोललो असतो तर ती मेहेरबानी झाली असती. माझ्या मेहेरबानीवर त्यानं का जगावं?

“मॅडम, तारीख और पद. इसके आगे मैं कुछ नहीं बोलूँगा.”

“ओके सर, पॉलिसी समझती हूँ.”

संध्याकाळी माझ्या मेलचा पासवर्ड चालेना. करार पुढे वाढला नाही. शेठनं चहाही विचारला नाही, आणि मला बरं वाटलं.

त्याचा शेरा निघाला. तो पुण्याला रुजू झाला. फोन केला त्यानं, पण आभार मानायला नाही. “काका, थँक्यू नाही म्हणत मी तुमाले. जे माझं होतं तेच तुमी लिहलं.”

“म्हणू नको,” मी म्हणालो.

“पण ते बाकीचे पोरं? पेंटवाला, क्रेनवाला? ते तर अजून हेल्परच आहेत न तिथं.”

आहेत. आता पडताळणीचे मेल शेठचा पुतण्या बघतो. तोही तारखा आणि पद कळवतो, कुणाबद्दल वावगा शब्द लिहीत नाही, आणि नियम माझाच वापरतो. तिथली नोकरी सोडलेल्या क्रेनवाल्याला काल एका कंपनीनं पद जुळत नाही म्हणून परत पाठवलं. तो माझ्याकडे आला होता. माझ्याकडे आता ना शिक्का, ना लेटरहेड. साध्या कागदावर मी लिहून दिलं की हा माझ्या डोळ्यांदेखत क्रेन चालवायचा आणि त्याला हेल्पर लिहिणारा मी होतो. एजन्सी असला कागद धरत नाही. तरी सही केली. पगारपत्रकावर करायचो तीच, पूर्ण नावाची.