हात काढला, कडी ठेवली

गेल्या वर्षी माझ्या भयकथेमुळे आमच्या पडेगावच्या सोसायटीतली सात लेकरं पंधरा दिवस एकटी संडासात गेली नाहीत.

लेखकाला याहून मोठा पुरस्कार काय हवा? पण वहिनीला साहित्याची जाण कमी. पुतणीच्या, म्हणजे परीच्या आठव्या वाढदिवसालाही मी गोष्ट सांगणार म्हटल्यावर तिनं पदरच खोचला.

"भावजी, यंदा एक जरी लेकरू रडलं ना, तर तुमच्या गोष्टी कायमच्या बंद!"

"व्हय वहिनी," मी म्हणालो. (सगळे दिवाळी अंक माझ्या कथा साभार परत करत असल्यानं मला हे एवढेच श्रोते उरले होते!)

माझ्या गोष्टीत जुन्या घरात एकट्या असलेल्या पोरीसमोर लोखंडी पेटी उघडते आणि रक्ताळलेला तुटका हात बाहेर येतो. मी हात काढला, पेटीत लाडू ठेवले आणि परीला वाचून दाखवलं.

"लाडूच हायेत तर ती पोरगी भिते कशाला?" परीनं जांभई दिली.

खरंच की! रक्त पुसता पुसता मी उत्सुकताही पुसून टाकली होती.

मग पुन्हा बसलो. रक्त नको, मढं नको. एकट्या नायिकेला सोबत म्हणून धाकटा भाऊ दिला, हातात टॉर्च दिली. पण पेटी लगेच उघडायची नाही! आधी आतून नुसती खरखर. मग वाक्यं आखूड. मग कडी हलते. एकदा. दोनदा. तेवढ्यात भाऊ म्हणतो, "ताई, शू लागली!" लेकरं हसली की त्यांचा श्वास मोकळा होतो, मग पुन्हा खरखर. शिवाय सुरुवातीलाच पेटीला मागून पडलेलं भोक आणि चाटूनपुसून साफ केलेली दुधाची बशी दाखवून ठेवली. चलाख पोराला मांजराचा संशय यावा, पण खात्री वाटू नये. पुन्हा वाचून दाखवलं, तेव्हा परीनं दोन्ही पाय सोफ्यावर घेतले, पण ऐकणं काही सोडलं नाही. जमलं!

वाढदिवसाला भर दुपारी अकरा लेकरं जमली. वातावरणनिर्मितीसाठी मी पडदे ओढले. वहिनी हाताची घडी घालून पहाऱ्याला उभी. मी आवाज खाली आणला.

"कडी हलली. एकदा... दोनदा..."

आणि आमच्याच दाराची कडी खडखडली!

मी वही फेकली, "आई गंऽऽ" म्हणून किंचाळलो आणि थेट सोफ्यावर चढलो. दारात दादा केक घेऊन उभा होता.

माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं. परीनं माझा हात धरला. "भिऊ नको काका. मांजर हाय आत. बशी नाय का पाहिली?"

"गोष्ट तर यानंच लिहिलीय!" मागून एक लेकरू म्हणालं.

मी वहिनीकडं पाहिलं. संपलं सगळं!

"लेकरू एकबी रडलं नाय," वहिनी पदरात हसू दाबत म्हणाली. "पुढल्या वर्षी बी सांगा गोष्ट. लेकरांना एकटं बसवू, काय हरकत नाय. फक्त तुमच्या शेजारी कुणीतरी मोठं माणूस बसवावं लागंल!"