पैशात काय, पैशाबाहेर काय

धम्मदीक्षेला चार-पाच वर्षं झाली असतील. यवतमाळच्या आमच्या वस्तीतून बोधगयेला जायचं ठरलं, तशी नागपूरच्या यात्रा कंपनीवाल्याशी बोलायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. मी शाळेत मास्तरीण. आणि माझा आवाज भोंग्यासारखा आहे, ट्रंक कॉलला बरा, असं आत्याचं मत. जायची खरी ओढ तिलाच होती. गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला. "आवंदा नाही पाह्यलं ते झाड, तं मंग कवा पाहू?" म्हणायची.

पोस्टात फोन लागेपर्यंत अर्धा दिवस गेला. मी ओरडून सांगितलं, "एकवीस माणसं! काशी, सारनाथ, बोधगया!" पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "समजलं, समजलं," आणि जे सुटला ते थांबेचना. गाड्या, मुक्काम, जेवण, दर, सगळं एकात एक. मध्येच ऑपरेटर बाई तीन मिनिटं झाल्याचं सांगत होत्या. मी कागदावर नुसतं खरडत गेले.

ते गिचमीड लिखाण वस्तीत वाचून काय उपयोग? घरी बसून मी त्याचे चार भाग पाडले: कुठं कुठं जायचं, पैशात काय, पैशाबाहेर काय, आणि एकूण किती. उतरवताना माझं लक्ष सगळं अक्षराकडे. रविवारी वंदना झाल्यावर, विहाराच्या टिनाच्या शेडमध्ये, मी मोठ्या ऐटीत वाचायला सुरुवात केली.

धामणगावहून गाडी, इटारसीला बदली. प्रयागला दोन मुक्काम, काशीला तीन, गयेला एक, मग परत. पैशात काय, तर तिसऱ्या वर्गाचं राखीव तिकीट, धर्मशाळा, बरोबर आचारी, दोन वेळचं जेवण. त्याच यादीत पुढं वाचलं, "पंड्याची दक्षिणा, पिंडदानाचं सामान, मुंडनाचे न्हाव्याला पैसे." आणि तिथंच अडखळले.

आमच्या शेजारच्या काकांनी आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवला. "न्हाव्याचे पैसे मी कायले देऊ? त्यानंच मले देले पायजे!" असा हशा उसळला की टिन वाजलं. देवधर्म सोडून आम्ही मोकळे झालो होतो आणि हा बाबा आम्हाला दर माणशी ऐंशी रुपयांत परत पिंडापाशी नेऊन बसवत होता!

आत्या मात्र हसली नाही. "आन झाडापाशी कवा पोचून राह्यलो आपन?" तिनं विचारलं.

मी खाली पाहिलं. सारनाथ आणि बोधगया, दोन्ही होती. पण हमाली आणि चहाच्या रांगेत: टांगा ज्याचा त्यानं करावा, वेळ उरल्यास.

"म्हंजे झाड पैशाबाहेर हाय?"

"हो आत्या."

तिचा चेहरा असा उतरला की मला त्या कंपनीवाल्याचा भयंकर राग आला. त्यानं माझ्या तोंडून गया ऐकल्याबरोबर आपली नेहमीची तयार यात्रा काढून दिली होती. आम्ही कोण, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुन्हा पोस्टात. या वेळी तोच कागद समोर धरला आणि एकेक कलम वाचत गेले. प्रयागला फक्त गाडी बदलायची. ते दोन मुक्काम बोधगयेला द्या. पंडा, पिंड, न्हावी काढा. सारनाथ आणि बोधगयेचे टांगे पैशात घ्या.

"बाई, काशीला जाऊन स्नान नाही, पिंड नाही?" तो चक्रावला.

"आम्ही बौद्ध आहोत!" मी ओरडले. ट्रंक कॉलवर हळू बोलताच येत नाही. सगळं पोस्ट माझ्याकडे वळून पाहू लागलं, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तो हिशेब करून म्हणाला, सहा रुपये कमी, टांग्यांचे पाच वाढले. माणशी एकोणऐंशी, एकूण सोळाशे एकोणसाठ. मी सगळं त्याला परत वाचून दाखवलं आणि बजावलं, हे असंच लिहून पाठवा, मगच आगाऊ रकमेची मनीऑर्डर निघेल. चार दिवसांत त्याचं पत्र आलं. आत्याला वाचता येत नव्हतं, "झाड कुठं लिव्हलं?" म्हणत तिनं मी दाखवलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

पुढं बोधगयेला पोचलो. आत्या टांग्यातून उतरून झाडाकडे अशी चालली की गुडघे तिचे नव्हेतच. सावलीत टेकली. आम्ही सगळं पाहून आलो, जेवून आलो, तरी ती तिथंच. दुपार कलल्यावर मी तिला हात द्यायला गेले, तर तिनं मलाच खाली बसवलं.

"पाह्य ना पोरी," ती म्हणाली, "सकाळपासून बसली हावो. इथून मले कोनी ऊठ म्हनत नाही."