दोनशे सव्वीसच्या पानावरची चिठ्ठी

माझ्या मामावर चोरीचा आळ आला तेव्हा त्याला रिटायर व्हायला चार वर्षं उरली होती. बेंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात तो स्टोअरचा सुपरवायझर होता. तांब्याच्या तारेची काही रिळं गायब झाली आणि महिन्याभरात दिल्लीच्या हेड ऑफिसातून पत्र आलं : विश्वास उरलेला नाही, चौकशी करणं व्यवहार्य नाही, सबब बडतर्फ. ना नोटीस, ना जबाब. तीस वर्षं ज्यानं कारखान्याचा साधा खिळासुद्धा घरी नेला नव्हता, त्याला एका कागदानं चोर करून टाकलं.

तो येलहंक्याहून दोन बस बदलून आमच्या चेंबरला आला. मी तेव्हा नुकती वकील झालेली, एका जुन्या, नावाजलेल्या सीनियरांच्या हाताखाली. मामा मला "काय गं वकिलीणबाई" म्हणून चिडवायचा आणि इथल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडवरही ओळखीचा माणूस भेटला की "ही आमची भाची, हायकोर्टात असते" असं सांगायचा. त्या दिवशी मात्र खुर्चीच्या कडेवर बसून तो एवढंच म्हणाला, "सर, मला रिटायर व्हायचंय. हाकललेला म्हणून नाही मरायचं."

सीनियर आमच्यासारखेच इथले जुने मराठी, सत्तरीच्या पुढचे. कायदा त्यांना तोंडपाठ, पण पाठ केलेला तरुणपणी. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "चौकशीच नाही? समानतेचा मूलभूत हक्क सरळ तुडवलाय. पण हेड ऑफिस दिल्लीला. आपल्या हायकोर्टाचा हात कर्नाटकाच्या बाहेर पोचत नाही. सुप्रीम कोर्टाचा सगळ्या देशभर पोचतो. कलम बत्तीस. थेट दिल्ली."

मामाचे डोळे चमकले. दिल्ली म्हणजे केवढं मोठं!

आणि मी लिहून घेता घेता थांबले. कारण सीनियर सांगत होते तो कायदा तीस वर्षांपूर्वी बदलला होता. अधिकारी कुठेही बसलेला असो, भांडणाचं कारण थोडं जरी आपल्या राज्यात घडलं असलं, तरी आपलं हायकोर्ट त्याला रिट, म्हणजे हुकूम, काढू शकतं. कलम दोनशे सव्वीस, उपकलम दोन. मामानं नोकरी केली इथे, पत्र हातात पडलं इथे, पोटावर पाय आला तोही इथेच. शिवाय हायकोर्टाचा अधिकार जास्त रुंद. सुप्रीम कोर्टात बत्तीस कलमाखाली मूलभूत हक्कच दाखवावा लागतो. हायकोर्टात कारखान्याचा साधा सेवानियम मोडला तरी दाद मागता येते. लॉ कॉलेजच्या पोरालाही हे ठाऊक असतं.

पण आमच्या चेंबरचा रिवाज होता : अशिलासमोर ज्युनियरनं तोंड उघडायचं नाही. मी उघडलं नाही. मामा गेल्यावर उघडायला काय झालं होतं? तेव्हाही नाही. मी काय केलं, तर घटनेच्या पुस्तकात दोनशे सव्वीसच्या पानावर पिवळी चिठ्ठी लावली, दुसऱ्या उपकलमाखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि पुस्तक त्यांच्या टेबलावर उघडं ठेवून आले. ते बघतील, त्यांचं त्यांनाच कळेल, त्यांचा मानही राहील! कसली अक्कल ही! दुसऱ्या दिवशी त्या पानावर कॉफीच्या लोट्याचा गोल डाग होता. पुस्तक मिटून कपाटात गेलं आणि मी मुकाट्यानं बत्तीसची याचिका टाइप करायला बसले.

मामानं भीत भीत विचारलं होतं, "सर, नियमात चेअरमनकडे अपील आहे, पंचेचाळीस दिवसांत. ते करू का?" सीनियर हसले. "कुंपणच शेत खातंय, आणि कुंपणाकडेच दाद मागता? सोडा हो."

मामानं सोडलं.

दिल्लीत याचिका आधी कागदपत्रांच्या त्रुटींत अडकली, मग तारखा पडल्या. दीड वर्षानं नंबर लागला. मामा दोन रात्री रेल्वेत बसून गेला, इस्त्रीचा शर्ट वेगळ्या पिशवीत घेऊन. मीही सोबत होते. आमचं प्रकरण जेमतेम तीन मिनिटं चाललं. न्यायमूर्ती म्हणाले, "तुम्ही आधी हायकोर्टात का गेला नाहीत?" आमच्या दिल्लीच्या वकिलांनी हेड ऑफिसचं तुणतुणं लावलं. न्यायमूर्तींनी पुस्तकही उघडलं नाही. "भांडणाचं कारण तिकडे घडलंय. उपकलम दोन वाचा." बत्तीस कलमाखाली दाद मागणं हाच मुळात मूलभूत हक्क आहे, हेही वकिलांनी ऐकवून पाहिलं. उत्तर आलं, हक्क कुणी नाकारत नाही, पण देशभरचा प्रत्येक जण थेट इथेच आला तर हायकोर्टं कशाला? हायकोर्टात जायची मुभा ठेवून याचिका मागे घेतली.

बाहेर मामा खुश! "मुभा दिली ना? म्हणजे जिंकलोच की अर्धं!" मुभा म्हणजे दार उघडं, आत पान वाढून ठेवलेलं असेल असं नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. तेव्हाही नाही.

कब्बन पार्कसमोरच्या आमच्या तांबड्या हायकोर्टात पहिल्याच सुनावणीला न्यायमूर्तींनी दोन प्रश्न विचारले. अपिलाची सोय होती, ती का वापरली नाही? आणि पावणेदोन वर्षं कुठे होतात? दिल्लीत, असं सांगितलं. "चुकीच्या दारात कुणी पाठवलं? आम्ही?" अपिलाची सोय असली तरी रिट देता येतं, उशीरही माफ करता येतो; त्यातून चौकशीच झालेली नसेल तर नक्कीच. शेजारच्या कोर्टात त्याच आठवड्यात एकाला तशी दाद मिळालेली मी स्वतः पाहिली होती. पण दोनशे सव्वीसखालची दाद न्यायमूर्तींच्या विवेकावर असते. द्यावी वाटली तर देतात. आम्हाला द्यावी वाटली नाही. तार कुणी चोरली, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. दोन न्यायमूर्तींच्या डिव्हिजन बेंचकडे रिट अपील केलं, तिथे सांगितलं की एका न्यायमूर्तींनी विवेक वापरलाय, आम्ही त्यात पडणार नाही. ह्या सगळ्यात आणखी एक वर्ष गेलं.

गुणदोषावर निकाल झालाच नव्हता, म्हणून कायद्यानं दिल्लीचं दार अजून बंद नव्हतं. सीनियर तेच सांगत होते, उत्साहानं, चष्मा कपाळावर चढवून. मामानं हात जोडले. "पुरे, सर."

मी त्याला बसपर्यंत सोडायला निघाले. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो थांबला. "ते उपकलम दोन. दिल्लीचे जज्ज म्हणाले ते. नवीन आलंय का काही?"

"नाही मामा. जुनंच आहे."

"मग पहिल्या दिवशी होतं?"

"होतं."

मी खोटं बोलू शकले असते. इतका काळ गप्प बसून एवढं तरी शिकले होते. पण बोलवेना.

"तुम्हाला माहीत होतं?" मामानं विचारलं.

जन्मल्यापासून ज्यानं मला 'अगं-तुगं' केलं, त्याच्या तोंडचं हे पहिलं 'तुम्ही'. मी मान हलवली.

"सरी," तो म्हणाला, कानडीत 'बरं' म्हणतात तसं, शांतपणे, आणि फाइलची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. घरी गेले की कॉफी द्यायचा, तब्येत विचारायचा, आणि शेवटपर्यंत मला 'तुम्ही'च म्हणत राहिला.