आण्णांनी परत केलेलं पत्र

"पिशवी ओता."

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान चालवणारे आण्णा नमस्काराच्या जागी हेच म्हणत. तुम्ही साधं खोकल्याचं औषध मागा, घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आधी काउंटरवर ओतायच्या. मग ते चष्मा कपाळावर चढवून एकेक पाकीट डोळ्यांजवळ नेत. मागची रांग कुरकुरली तर म्हणत, "घाई असंल तर फुडं लय दुकानं हायती." लोक पुढे जात आणि महिन्याभरात परत येत.

माझ्या बाबांचं त्यांच्याशी मुळीच पटत नसे. बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पुढे त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. अशा झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती त्यांना माजी सैनिकांच्या दवाखान्यातून फुकट मिळे, आणि सगळी गोम तिथेच होती. बाबांच्या लेखी जे फुकट मिळतं ते औषधच नव्हे. ते रेशन.

झडप बसवून दोन वर्षं झाली असताना त्यांची दाढ सुजली. मी स्कूटर लावून येईपर्यंत दातांच्या डॉक्टरांनी विचारलंही होतं, "काही गोळ्या चालू आहेत का?" आणि बाबा ताठ बसून सांगून मोकळे झाले होते, "काय न्हाई." डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्यांसाठी चिठ्ठी. चौथ्या दिवशी दुपारी ती घेऊन आम्ही आण्णांकडे गेलो. वीज गेलेली होती. पंखा बंद, दुकान चिडीचूप.

"पिशवी ओता."

"पिशवी कशाला? म्या काय आजारी हाय व्हय?"

आण्णांनी चिठ्ठी वाचली, खणातून गोळ्यांची पट्टी काढली आणि मान तिरकी करून थांबले.

"सुभेदार, हातात घड्याळ न्हाई तुमच्या. मग टिकटिकतंय काय?"

बाबांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"झडप बसवलीय न्हवं छातीत? मग रक्त पातळ करायची गोळी चालू आसणारच. का सांगत न्हाई?"

"ते औषध न्हाई. रेशन हाय."

आण्णांनी पट्टी परत खणात टाकली. "आवं, ही दाढंची गोळी घेतली की लिव्हर तुमचं रेशन वेळंवर मोडत न्हाई. ते अंगात साचतं, रक्त लयच पातळ हुतं. वर ही दुखण्याची गोळी पोटाचं अस्तर खरवडती. आत रक्त सुटलं तर थांबायचं न्हाई. हिरडीतनं रक्त येतंय?"

"सकाळधरनं. जरासं."

मला हे ठाऊकच नव्हतं.

बाबा मात्र तडकले. "मग रेशनच बंद करतो आठ दिवस!"

"मनानं बंद करायचं न्हाई! झडपंवर गाठ धरंल. बसा हितं."

सुभेदार बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणा बिनवर्दीच्या माणसाचा हुकूम ऐकला असावा. आण्णांनी दोन्ही डॉक्टरांना फोन लावले आणि आम्हाला तडक रक्त तपासायला पाठवलं. रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्याचा एक आकडा असतो. बाबांचा अडीच ते साडेतीन हवा होता. आला सहाच्या वर. हृदयाच्या डॉक्टरांनी रेशन दोन दिवस थांबवून पुन्हा तपासायला सांगितलं, दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या बदलल्या. आठवड्यात आकडा जागेवर आला.

मी आण्णांना आभाराचं पत्र लिहिलं. त्यांनी ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि परत दिलं.

"तारीख न्हाई, पेशंटचं वय न्हाई, सही न्हाई. असली चिठ्ठी मी घेत न्हाई."

मला असा राग आला! घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की दुखरी दाढ दिसली. मग पुन्हा लिहिलं. तारीख, वय अडुसष्ट, सही, सगळं. आणि मजकूर :

"आण्णा, दोन वर्षं मी बाबांच्या शेजारी बसून जेवते आहे. टीव्हीच्या आवाजात ती टिकटिक मला कधी ऐकू आली नाही. तुम्हाला ऐकू आली, म्हणून आज माझे वडील आहेत."

"हं. आता बरोबर," आण्णा म्हणाले आणि उगाचच आत गेले. बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते.

गेल्या हिवाळ्यात आण्णा गेले. आता त्यांची सून दुकान बघते, तीही फार्मसी शिकलेली. परवा आम्ही गेलो तेव्हा तिने जुन्या चिठ्ठ्यांच्या फाइलमधून माझं पत्र काढून दाखवलं. त्यावर दुकानाचा शिक्का होता : औषध दिले.

बाबांनी ते दोनदा वाचलं. मग तिने काही विचारायच्या आत त्यांनी पिशवी काउंटरवर ओतली, रेशनसकट.

"पोरी," ते म्हणाले, "पंखा जरा बंद कर. ऐकू येतंय का बघ."

तिने पंखा बंद केला, आणि आम्ही तिघंही मान तिरकी करून ऐकत उभे राहिलो.