जबानीवरचा सौदा

"पैसे पायरीवर ठेव," शेठ म्हणाला. गादीवरच्यांचे जुन्या हिशेबाचे पैसे तो हातात घेत होता. मी वाकलो अन् ठेवले.

इतवारीतलं भांड्यांचं दुकान. शटर अर्धं खाली. रेडिओवर वेस्ट इंडीजमधली टेस्ट. तिकडं दिवस, आपल्याकडं रात्र. माह्यासकट आठ हमालांच्या टोळीचा मी मुकादम. आठवड्याची मजुरी, सातशेवीस, माझ्याच खिशात होती. सकाळी वाटायची होती. त्यातलेच शंभर लावले.

सट्टा रनांवर. लंचपर्यंत किती होतील? शेठनं भाव सांगितला, "साठ-बासष्ट." 'हो' म्हणणाऱ्याले बासष्ट पाहिजेत, 'नाही'वाल्याले साठच्या आत. जिंकलं तर जितके लावले तितकेच वरून मिळतात. मी 'हो' म्हणलं. झाले एकसष्ट! दोघंही मेले, पैसा शेठचा.

गेलेले शंभर परत काढायचे म्हणून टी-ब्रेकपर्यंतच्या रनांवर दोनशे 'हो' लावले. विकेटा पडल्या. गेले. आता तीनशे काढायचे होते. उरले चारशेवीस, सारेच लावले, पुढच्या एका तासावर. तेही गेले.

गादीवरचे लोक नुसतं तोंडानं सौदा करत, हिशेब नंतर. मी सुरुवातीलेच विचारलं होतं, "माह्याकडूनच रोख काहून, शेठ?"

"तुमच्या लोकांची जबान कोण धरते?"

तोच शेठ आता खिसा रिकामा पाहून हसला. "ये गा, गादीवर बैस. आता तुही जबान चालते."

खोटं काहून बोलू, माही छाती फुगली. बाप माहा बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन ताठ मानेनं जगला, अन् मी गादीच्या एका कोपऱ्यासाठी विरघळलो. थू माह्यावर! बसलो. शेवटच्या तासाचा भाव होता बत्तीस-चौतीस. "सातशेवीस, हो," म्हणलं. जिंकलो असतो तर सारं परत आलं असतं. झाले एकवीस.

रेडिओ बंद झाला. शेठनं पान लावलं.

"घाबरू नको. उद्यापासून तुही टोळी अर्ध्या मजुरीत माहा माल उतरवल. रेट पडले म्हणून सांग त्यांले. तुहं देणं फिटून जाईल."

तेव्हा समजलं मले. जबान माही धरली नव्हती त्यानं. सात जणांच्या पाठी धरल्या होत्या.

मी गादीवरून उठलो.

"देणं माहं हाय. टोळीचं नाही."

"मग कुठून देशील?"

"माह्या एकट्याच्या घामातून. जन्म गेला तरी."

"हमालाची अकड!" तो म्हणाला. गादीवरचे हसले.

बाहेर अजून अंधार होता. सात घरांतलं रेशन मी उडवलं होतं, अन् ते परत आणायचा रस्ता नव्हता.

सकाळी सात जण हात पुढं करतील. म्हणीन, तुमची मजुरी मी सट्ट्यात हरलो. मारतील, मारू दे. मुकादमकी जाईल, जाऊ दे. पण मार खाता खाताही सांगीन, त्या दुकानाची एक पेटी अर्ध्या मजुरीत उचलू नका, उद्या मीच पायरीवर डोकं आपटून विनवलं तरी उचलू नका.