होम न झालेलं पोरगं

नवनाथ दौंड जंक्शनात पॉइंट्समन. जगाच्या गाड्या बिनचूक रुळावर घालायचा, स्वतःची मात्र खुटबावच्या बांधावर अडकलेली. वडील मच्छिंद्र मृत्युपत्र न करताच वारले. त्यांनी स्वकमाईतून घेतलेल्या जमिनीला वारस लावायला धाकटा सुमित तलाठ्याकडं गेला, आणि दोनच नावं देऊन आला: स्वतःचं आणि आई अनसाबाईचं. नवनाथनं हरकत घेतली.

नवनाथ मूळचा अनसाबाईची बहीण सखूबाईचा. अनसाबाईची कूस उजवेना, तेव्हा सखूबाईनं नि तिच्या नवऱ्यानं आपलं शेंडेफळ तिच्या ओटीत घातलं, दत्तकपत्र रजिस्टर केलं, बुद्धवंदना झाली आणि गावानं खीर हाणली. मग, कुणाला न विचारता, सुमित जन्मला. त्यानं नवनाथची चड्डी, दप्तर, सायकल सगळं वापरून झिजवलं. आता जमीन तेवढी त्याला कोरी हवी होती.

टपरीवरच्या एका वकिली डोक्यानं त्याला सांगितलं होतं की होमाशिवाय दत्तक टिकतच नाही. मंडळ अधिकाऱ्यापुढं सुनावणीत सुमितनं तेच ठासून मांडलं. बौद्धाच्या पोराला अचानक होमाचा इतका उमाळा आलेला पाहून कारकुनानं पेन खाली ठेवलं.

अनसाबाई शांतपणे म्हणाली, "माझ्या लग्नात तरी कुठं होम झालता? म्हंजी तू बी खोटाच की रं."

साहेबांनी हसू दाबलं आणि सांगितलं की कायद्याला होम लागत नाही, मूल खरंच दिलं-घेतलं का ते लागतं. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचं दत्तकपत्र नोंदलेलं आहे. ते खोटं ठरवायचं तर पुरावा सुमितनं आणायचा.

मग साक्षीला आलेली सखूबाई उठली. "मीच दिला, सायब. माझा मालक गेला तवा आमच्या उताऱ्यावर ह्याचं नाव लावलं न्हाई. कुणी विचारलं बी न्हाई. तिकडचा झाला म्हंजी इकडचा उरत न्हाई."

जिनं जन्म दिला ती भर कचेरीत 'हा माझा नाही' असं सांगत होती, आणि त्यातच नवनाथचं घर शाबूत राहत होतं.

महिन्याभरानं निकाल आला. आई, नवनाथ, सुमित, तिघांना सारखा हिस्सा. दत्तकाला कमी नाही, पोटच्याला जास्त नाही. वाटलंच तर प्रांताकडं अपील करा, असंही साहेबांनी सांगितलं.

कचेरीबाहेर आई नवनाथच्या मोटारसायकलवर मागं बसली. सुमित रिक्षा शोधत उभा राहिला. नवनाथनं टाकीवर पुढं सरकून जागा केली.

"बस मधी. सायकल तरी कवा इचारून नेलीस?"

सुमित बसला. वाटेत यवतला त्यानं भजी खायची म्हटलं. पैसे नवनाथनंच दिले.